ज म्हणजे जड

शेजारच्या आंटींच्या अंगणातून मोठ्याने हसण्याचा आवाज आला आणि मला वाटलं, त्यांची भाची आली असेल अमृतसरहून. खणखणीत, अगदी पोट धरून हसत होती. मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायला उठले, कारण सकाळपासून डोकं उठलं होतं, आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं तर ती माझी मुलगी होती.

सतरा वर्षांची, पोटची पोर. तिचं हसणं मला ओळखता आलं नाही. आमच्या घरात ती असं कधी हसलीच नव्हती. घरात ती चपला दाराबाहेर काढायची, अनवाणी आत यायची, फ्रिजचं दार दोन्ही हातांनी धरून लावायची आणि माझ्याशी बोलायची ती कुजबुजत. पाच मिनिटांनी ती घरी आली, आत डोकावली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, चाय बना दूँ?" मला स्वतःचाच इतका राग आला, की मी नको म्हणून तिच्यावरच खेकसले.

मी मूळची कऱ्हाडची. नवऱ्याला सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून नव्वदच्या सुमाराला इकडे उत्तरेत आलो आणि संस्थेच्या कॉलनीतच राहिलो. मी एका शाळेत गणित शिकवायचे. पोर इथेच जन्मली. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. आणि माझी अर्धशिशी तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिने मला बहुतेक वेळा अंधाऱ्या खोलीत, कपाळाला ओढणी आवळून पडलेलीच पाहिलं. तेव्हा ती बारावीत होती. पुढच्या जुलैत होस्टेलला जाणार हे ठरलेलंच होतं. म्हणजे माझ्या हातात एक वर्ष होतं. एका वर्षात हिला आपल्या घरात मोठ्याने बोलता आलं पाहिजे, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात बसलं, आणि एकदा बसलं की मी कुणाचं ऐकत नाही.

औषधं काय, सगळी झाली होती. आधी रक्तदाबाची गोळी दिली, मला रक्तदाब नसताना. तिने जिना चढायचीही पंचाईत झाली. मग मूळची उदासीवरची, पण डोकेदुखीवरही देतात ती. तिने तोंडाला कोरड पडली आणि मी वर्गात उभ्या उभ्या डुलक्या काढायला लागले. मग फिट येणाऱ्यांना देतात ती. तिच्यामुळे बोटांना मुंग्या यायच्या आणि शब्द गळून पडायचे. एकदा फळ्यासमोर मला 'कर्ण' हा शब्दच आठवेना. काटकोन त्रिकोण काढलाय, खडू हातात आहे आणि चाळीस पोरं माझ्याकडे बघताहेत. घरी येऊन मी ती गोळ्यांची पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात मेंदूविकारांचे डॉक्टर होते, साठीकडे झुकलेले सरदारजी. अतिशय सभ्य आणि अतिशय घाईत. नवऱ्याने संस्थेतल्या कुणाकडून तरी ऐकलं होतं की ते आता अर्धशिशीवर इंजेक्शनं देतात, परदेशात नुकतीच त्याची रीत पक्की झालीये. मी गेले आणि बसल्या बसल्या म्हटलं, मला ती इंजेक्शनं द्या. ते हसले. म्हणाले, मॅडम, असं मागून मिळत नाही. घरी जा, तीन महिने डायरी ठेवा. कोणत्या दिवशी दुखलं, किती वेळ, गोळी घेतली का. मग बोलू.

तीन महिने! मला तर उद्या हवं होतं. बाहेर येऊन मी नवऱ्यावर चिडले, त्याचा काही संबंध नसताना. तो बिचारा स्कूटरची किक मारत राहिला.

पण डायरी ठेवली. गणिताची मास्तरीण, चौकटी आखल्याशिवाय चैन कुठे पडणार? दर महिन्याला एक पान, दर दिवसाला एक चौकट. अर्धशिशीचा दिवस असेल तर चौकटीत 'अ'. नुसतंच डोकं जड असेल तर 'ज'. गोळी घेतली तर कोपऱ्यात टिंब. दर महिन्याच्या खाली बेरीज: ऑगस्ट आठ, सप्टेंबर नऊ, ऑक्टोबर आठ.

नोव्हेंबरात वही घेऊन गेले. सरदारजींनी माझ्या बेरजा पाहिल्या, वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली. म्हणाले, हे तुमच्यासाठी नाही. ही इंजेक्शनं ज्यांना महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस डोकेदुखी असते त्यांच्यासाठी. तीन महिन्यांहून जास्त काळ तशीच चाललेली, आणि त्यातले निदान आठ दिवस अर्धशिशीचे. त्याला जुनाट अर्धशिशी म्हणायचं. तुम्हाला आठ-नऊ दिवस आहे. त्यात या सुयांचा फायदा दिसलेला नाही. उगाच एकतीस टोचण्या कशाला खाता? दुसरी एखादी गोळी लिहून देतो.

मी उठले. भांडायचं होतं, पण आकड्यांशी काय भांडणार? बाहेरच्या बाकावर बसले आणि मला रडू आलं. नवरा पाणी आणायला गेला होता. माझ्या डोळ्यांपुढे जुलै महिना दिसत होता: पोर बॅग उचलून, पाय न वाजवता घराबाहेर पडतेय.

तेवढ्यात सरदारजींच्या हाताखाली शिकणारी एक मुलगी, मघाशी आत कोपऱ्यात उभी होती ती, बाहेर आली. माझी वही आत राहिली होती, ती द्यायला. देता देता तिने उघडली आणि तिथेच थबकली. मग मराठीत म्हणाली, "काकू, हा 'ज' काय आहे?"

लातूरची होती पोर. मी डोळे पुसले आणि म्हटलं, ज म्हणजे जड.

"म्हणजे दुखतं?"

दुखत नाही गं, मी म्हटलं, जड असतं नुसतं. तिने विचारलं, कधीपासून कधीपर्यंत? म्हटलं, उठल्यापासून झोपेपर्यंत. आवळल्यासारखं? हो. उजेड नको वाटतो? थोडासा. काम करता? करते की, शाळेत जाते, स्वयंपाक करते, न करून सांगते कुणाला! मग कोपऱ्यात टिंब का आहे? गोळी कशाला घेतली? मी म्हटलं, जड होतं म्हणून.

ती माझ्या शेजारी बाकावर बसली आणि पेनाचं टोक एकेका चौकटीवर टेकवत मोजायला लागली. मीही मोजत होते. ऑगस्ट सतरा. सप्टेंबर एकोणीस. ऑक्टोबर अठरा.

आता सांगा, काय म्हणावं मला? पंचवीस वर्षं पोरांना सांगत आले की आधी काय मोजायचंय ते नीट वाचा, मग मोजा. आमच्या घरी 'दुखतंय' म्हणायला ओकारी व्हावी लागायची. माझी आई दिवसभर कपाळाला सुंठ लावून फिरायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, दुखत नाही, जड आहे. मीही तेच शिकले. सरदारजींना 'ज' वाचता येत नव्हता, आणि मला तो मोजता आला नव्हता. लातूरची पोर हसली, म्हणाली, आमच्याकडेही असंच म्हणतात काकू, म्हणून तर विचारलं. आणि वही घेऊन परत आत गेली.

सरदारजींनी मला पुन्हा बोलावलं. या वेळी घाई नव्हती. दर 'ज'चा अर्थ त्यांनी स्वतः विचारून घेतला. टिंबं मोजली आणि भुवया चढवल्या. महिन्यातले सतरा-अठरा दिवस वेदनाशामक घेतलंत तर त्या गोळ्याच डोकं दुखतं ठेवतात, म्हणाले. आठवड्यात दोन दिवसांवर आणा, नाहीतर माझ्या सुया वाया जातील. मग प्रश्न: दिवस गेलेत का, राहण्याचा विचार आहे का? या वयात! मी नाही म्हटलं. स्नायू दुबळे होण्याचा काही आजार? गिळायला त्रास? कसली अँटिबायोटिक्स चालू आहेत? टोचायच्या जागी कुठे फोड, जखम? तीन तऱ्हेची औषधं करून झाली, हे त्यांनी कागदावर लिहून घेतलं. आणि मग अगदी सावकाश, समजावून, म्हणाले, "बीमारी जाएगी नहीं, मॅडम. दिन कम होंगे. शायद."

तो 'शायद' मला फार लागला. ते सांगत होते की जवळजवळ निम्म्या लोकांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर येतात, काहींचे थोडे कमी होतात, काहींना काहीच फरक पडत नाही. असर दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, ओसरायला तीन महिने, म्हणून दर बारा आठवड्यांनी पुन्हा. आणि पहिल्या खेपेवरून काही ठरवायचं नाही; निदान दोन खेपा बघायच्या. मी मनात हिशेब मांडला. नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे. जुलैच्या आत तीन खेपा. मी म्हटलं, द्या.

कॉलनीत बातमी फुटलीच. शेजारच्या आंटींना ही सुई नट्या सुरकुत्या घालवायला घेतात म्हणूनच ठाऊक. म्हणाल्या, वो हिरोइनोंवाली सुई ना? फिर तो आप जवान हो जाओगे जी. नवऱ्याला काळजी वेगळीच. त्याने संस्थेच्या लायब्ररीत वाचून आणलं होतं की हे खराब झालेल्या डबाबंद अन्नात तयार होतं तेच विष. दोन दिवस तो नुसता माझ्याकडे बघत होता. शेवटी मीच म्हटलं, जेवण तर तू माझ्या हातचं रोज खातोस, तेव्हा नाही भीती वाटत?

इंजेक्शनाच्या दिवशी लातूरची पोर मदतीला होती. फ्रिजमधून इवलीशी बाटली काढली. तळाशी काही आहे की नाही असं वाटावं इतकीच पूड. त्यात सलाइन सोडलं, न हलवता हळूच फिरवलं. सरदारजींनी मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, दुखतं कुठे ते विचारून मी टोचत नाही, जागा ठरलेल्या आहेत. लातूरकरीण मोठ्याने मोजत होती, बहुतेक माझ्यासाठीच. दोन भुवयांच्या आतल्या टोकांशी एकेक, नाकाच्या मुळाशी एक, कपाळावर चार. सात झाल्या. मग दोन्ही कानशिलांवर, केसांत, चार-चार. पंधरा. डोक्याच्या मागच्या बाजूला तीन-तीन, मानेच्या वरच्या भागात दोन-दोन, आणि खांद्याच्या उतारावर तीन-तीन. एकतीस. सुई केसासारखी बारीक, प्रत्येक ठिकाणी औषधाचा थेंबभरच अंश, तोही सारख्याच मापाचा. कपाळावरच्या चुरचुरल्या, कानशिलावरच्या टोचताना आतून करकर आवाज आल्यासारखा वाटला, एवढंच. पंधरा मिनिटांत सगळं संपलं. चोळू नका, आज काही तास आडव्या होऊ नका, पापणी खाली आली किंवा मान फार दुबळी वाटली तर घाबरू नका पण फोन करा, आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र तडक इकडे या.

आणि मग वाट बघणं. ते मला जमत नाही. मी दिवसातून चार वेळा वही उघडायचे. डबे आवरायचे, पुन्हा तेच डबे आवरायचे. पहिला आठवडाभर मान अशी धरली, की फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येईना. गोळ्या कमी केल्यामुळे डोकं जास्तच उठलं. दोनदा पट्टी हातात घेतली आणि दोनदा ठेवून दिली. डिसेंबरात धुकं पडलं, शाळा उशिरा भरायला लागल्या, आणि मी पहाटे उठून अंधारात येरझाऱ्या घालायचे. जड आहे? आहे. किती जड? कालच्याइतकंच. महिन्याच्या शेवटी बेरीज केली, सोळा. जानेवारीत पंधरा. म्हणजे फरक काय पडला, डोंबल!

फरक पडला तो भलताच. माझ्या कपाळावर आठ्या पडेनात. वर्गात एकाने मागून विमान उडवलं, मी वळून डोळे वटारले, तर पोरगा निवांत बघत राहिला. त्याला कळलंच नाही मी संतापलेय ते. नवराही घोटाळ्यात पडला. आणि माझी मुलगी तर पार गोंधळली. तेव्हा मला कळलं, की ती इतकी वर्षं माझं कपाळ वाचत होती. शाळेतून आली की पहिल्यांदा माझ्या भुवयांच्या मध्ये बघायची. तिथे दोन उभ्या रेघा असल्या की आज बोलायचं नाही, नसल्या की थोडं बोलायचं. आता रेघाच नव्हत्या. मग तिने काय करावं? तिने रोजच गप्प राहायला सुरुवात केली. मी सुया घेतल्या तिने बोलावं म्हणून, आणि झालं उलटंच.

फेब्रुवारीत दुसऱ्या खेपेला मी सरदारजींना सांगितलं, बास झालं. त्यांनी वही बघितली आणि म्हणाले, अठराचे पंधरा झालेत, गोळ्या सहावर आल्यात, आणि तुम्ही बास म्हणताय? माझी मान धरली होती, त्याची लातूरच्या पोरीने त्यांना आठवण करून दिली. या वेळी मानेच्या सुया त्यांनी थोड्या वरच्या बाजूला, अगदी बेताने दिल्या. मी चिडूनच बसले होते खुर्चीत.

मार्चमध्ये पोरीच्या बोर्डाच्या परीक्षा चालू होत्या. एका सकाळी मी कणीक मळत होते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. गॅस बघितला, दूध बघितलं, दार बघितलं. सगळं जागच्या जागी. मग लक्षात आलं, डोक्यात काही नाहीये. जडसुद्धा नाही. मला वाटायचं, डोकं म्हणजे एवढं वजन असतंच, सगळ्यांनाच असतं. हात कणकेत तसेच ठेवून मी उभी राहिले आणि मला भीतीच वाटली. त्या दिवशीची चौकट मी कोरी ठेवली. मार्चअखेर बेरीज अकरा, एप्रिलची नऊ. त्यातले 'अ' फक्त चार. मेच्या सुरुवातीला तिसरी खेप घेतली ती कुणी न सांगता.

पण घर तसंच. पोर तशीच अनवाणी, तशीच हळू. परीक्षा संपल्या तरी. मी तिला म्हणायचे, बोल गं मोठ्याने, मला आता बरं आहे. ती मान हलवायची आणि कुजबुजत म्हणायची, हाँ आई. सवय काय एकतीस सुयांनी जाते? जूनची तारीख पुढे सरकत होती आणि मी घरभर फिरत होते.

मग ते पत्र आलं. त्रिवेंद्रमच्या कॉलेजचं. मी पुण्याची स्वप्नं बघत होते. तिथे माझी बहीण, दोन मावश्या. हिने फॉर्म भरला होता पार दुसऱ्या टोकाला, बापाची सही घेऊन, सात महिन्यांपूर्वी, आणि मला पत्ता नाही. माझं डोकं फिरलं. दुपारी दोनची वेळ, बाहेर लूचा भाजणारा वारा, कूलर घरघरतोय, आणि मी सुरू झाले. मला सांगायचं नाही? मी कोण आहे या घरात? तुझा बाप आणि तू मिळून परस्पर ठरवता?

ती ऐकत उभी होती, खाली बघत. आणि मग तिने मान वर केली आणि ओरडली, "कब बताती मैं आपको? बताने का दिन कौन-सा था? कोई एक दिन बता दो!"

ओरडली म्हणजे काय, भिंतीवरचं कॅलेंडर हललं असेल. पुढेही बोलली, दहावीचं बक्षीस मी बघायला आले नव्हते ते, वाढदिवसाला कुणालाच बोलवायचं नाही ते, सगळं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. आणि मधेच ती थांबली. स्वतःच्याच आवाजाला घाबरली. दोन्ही हात तोंडावर ठेवून माझ्या भुवयांच्या मध्ये बघायला लागली, शोधायला लागली. तिथे तिला काही दिसेना. मग अगदी हळू, पुन्हा त्याच जुन्या आवाजात, म्हणाली, "दुख रहा है? आपका अब पता नहीं चलता।"

मी एकदा खरोखर तपासून पाहिलं. डावं कानशील, मान, डोळ्यांच्या मागे. तिला खोटं सांगायचं नव्हतं.

"दुखत नाहीये," मी म्हटलं. "जडसुद्धा नाही. काय म्हणत होतीस? मोठ्याने बोल."

तिने श्वास घेतला आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं. मीही सुरू झाले. मराठीत मी, हिंदीत ती. एका वाक्याला ती रडली आणि एका वाक्याला मी. फ्रिज उघडून ती पाणी प्यायली आणि तिने ते दार एका हाताने धाडकन लावलं.

थोड्या वेळाने अंगणाच्या भिंतीवरून शेजारच्या आंटींचं डोकं दिसलं. चेहरा पार उतरलेला. इतक्या वर्षांत आमच्या घरातून त्यांनी असं काही ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, सब ठीक है ना जी?

मी नाक पुसलं आणि खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला केला. म्हटलं, "हाँ जी, सब ठीक है। बेटी लड़ रही है मेरे साथ।"